कंपनी थांब म्हणते, मॅडम ये म्हणतात



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न आमच्याकडे तीन-चार घरांतून आला. मुलगा किंवा मुलगी एका कंपनीत कामाला आहे. कन्सल्टन्सीमार्फत दुसरीकडे मुलाखत दिली, निवड झाली, ऑफर लेटर आले. इकडे राजीनामा दिला, आणि ज्या साहेबाने चार वर्षांत कधी बस म्हटले नाही, तोच साहेब केबिनमध्ये खुर्ची देऊन म्हणतो, "जाऊ नकोस, पगार वाढवून देतो." याला कंपन्यांच्या भाषेत काउंटर ऑफर म्हणतात. घरात त्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा होते. पण सकाळी कन्सल्टन्सीच्या मॅडमचा फोन वाजला की मुलगा फोन उलटा करून ठेवतो. काय सांगावे ते सुचत नाही. हो म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही, आणि "थोडे थांबा" म्हणायची भीती वाटते.

आज आम्ही एवढ्यावरच लिहिणार आहोत. नोकरी बदलावी की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा हिशेब आहे. परंतु ‘आमच्या कंपनीने पगार वाढवायचे म्हटले आहे, विचाराला चार दिवस हवेत’ हे वाक्य कसे, कधी आणि कोणापाशी बोलावे, हे माहीत असले तर हातातली एकही गोष्ट निसटत नाही.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाचे उदाहरण घेऊ. नाव सांगत नाही. मुलगा भोसरीत राहतो, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. कायम नोकरी, सेवा चार वर्षे तीन महिने. हातात पडणारा पगार २१,४०० रुपये. रांजणगावच्या कंपनीची ऑफर आली, त्यात हातात सुमारे २६,४०० पडणार होते. ऑफर लेटर शुक्रवारी ईमेलवर आले. त्यात लिहिले होते की पुढच्या शुक्रवारपर्यंत सही करून परत पाठवावे, नाहीतर ऑफर रद्द समजावी. सोमवारी त्याने चाकणला राजीनामा दिला. मंगळवारी संध्याकाळी प्लँटच्या साहेबांनी बोलावून सांगितले, "तीन-साडेतीन हजार वाढवतो, सीनिअर करतो, राजीनामा मागे घे."

(सही करून ऑफर पाठवण्याआधी राजीनामा देणे आम्हांस पसंत नाही. आधी तिकडचे पक्के करावे, मग इकडचे सोडावे. पण झाले ते झाले.)

त्याने बुधवारी सकाळी आम्हांला फोन केला. "काका, मॅडमचे तीन मिस्ड कॉल आहेत. काय सांगू?"

आधी मॅडमची बाजू समजून घ्यावी लागते. कन्सल्टन्सी आपल्याकडून पैसे घेत नाही. जी घेते तिच्यापासून दूर राहावे, तो वेगळा विषय आहे. तिला पैसे नवी कंपनी देते. वर्षाच्या पगाराचे काही टक्के, पुष्कळदा एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम ठरलेली असते, आणि ती उमेदवार प्रत्यक्ष कामावर हजर झाल्यावर मिळते. त्यातही पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुलगा सोडून गेला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो, अशी अट बहुतेक करारांत असते. म्हणजे तुम्ही ‘हो’ म्हटल्याने मॅडमला काही मिळत नाही. तुम्ही गेटमधून आत गेलात आणि टिकलात, तर मिळते. म्हणून काउंटर ऑफरचे नाव काढताच त्यांचा आवाज बदलतो. त्यात दुष्टपणा नाही, पण त्यांचे हित आणि तुमचे हित त्या घडीला एक नसते, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. मॅडमला न सापडणारा उमेदवार हा ‘गेलेला’ उमेदवार. दोन दिवस फोन उचलला नाही, की त्या कंपनीला सांगतात की मुलगा बोलत नाही, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला तयार ठेवतात. म्हणजे विचार करायला वेळ मिळावा म्हणून फोन न उचलणारा मुलगा स्वतःचाच वेळ कमी करून घेतो. काउंटर ऑफर आली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आपण होऊन फोन करावा. आपला निर्णय झालेला नसला तरी करावा, किंबहुना झालेला नसतो म्हणूनच करावा.

दुसरी पायरी म्हणजे किती दिवस मागायचे ते आधी ठरवणे. "थोडा वेळ द्या" याला काही अर्थ नाही. ‘अमुक वारी, अमुक वाजता’ असे सांगावे लागते, आणि त्या दिवसाला कारण असावे लागते. आमच्या तरुणाला आम्ही विचारले, "साहेब लेखी कधी देणार?" तो म्हणाला, "एचआर शुक्रवारपर्यंत पत्र देतो म्हणालेत." घरच्यांशी शांतपणे बोलायला रविवार हवा. म्हणून सोमवारी सकाळी ११ ही वेळ ठरली. ऑफरची मुदत शुक्रवारी संपत होती, म्हणजे मुदतीबाहेरचे तीन दिवस मागायचे होते. हे मॅडमच्या हातात नसते, त्यांना रांजणगावच्या कंपनीला विचारावे लागते. म्हणूनही बुधवारी बोलणे महत्त्वाचे होते. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मुदतवाढ मागितली तर विचारायला तिकडे कोणी जागेवर नसते.

फोनवर तो जे बोलला ते जवळजवळ जसेच्या तसे देतो.

"मॅडम, नमस्कार. काल फोन घेता आला नाही. मी सोमवारी राजीनामा दिला आहे. काल माझ्या कंपनीने मला थांबवायला पगार वाढवायचे सांगितले आहे. मी अजून त्यांना हो म्हटलेले नाही. रांजणगावची ऑफर मला आवडली आहे, म्हणूनच तुम्हांला आधी सांगतो आहे. घरी बोलून नीट ठरवायला मला सोमवारी सकाळी ११ पर्यंत वेळ हवा. ऑफरची तारीख शुक्रवारची आहे, तर कंपनीला विचारून मला कळवाल का?"

एवढेच. यात त्याने चार गोष्टी सांगितल्या आणि एकही खोटी नव्हती. कोणी घरी आजारी नाही, गावी कोणी वारले नाही. असली कारणे दिली की पुढच्या फोनला ती सांभाळत बसावी लागतात. चाकण-रांजणगाव पट्टा केवढासा, क्वालिटीतली माणसे एकमेकांना ओळखतात.

मॅडमनी लगेच विचारले, "किती वाढवतायत?" हा प्रश्न येतोच. इथे आपल्याला आधी ठरवलेले असावे लागते, की आपण वेळ मागतो आहोत की भाव वाढवतो आहोत. आकडा सांगितला की बोलणे भावाचे होते. मॅडम तो आकडा कंपनीला सांगतात, कंपनी थोडे वाढवते, आणि मग तुम्ही विचार करायला मोकळे राहत नाही. भाव करायचाच असेल तर उघड, एकदाच करावा: ‘इतके हातात मिळत असेल तर आजच सही करतो’, आणि मिळाले तर खरोखर सही करावी. आमच्या तरुणाला भाव करायचा नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, अजून लेखी आलेले नाही. लेखी नसलेला आकडा सांगत नाही." हे खरेही होते. मुळात नसलेली काउंटर ऑफर असल्याचे कोणी भासवत असेल तर त्याने सांभाळावे, पत्राची प्रत मागितली की बोलती बंद होते.

मग मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या जवळपास प्रत्येकाला सांगितल्या जातात. पहिली, "काउंटर ऑफर घेणारी मुले सहा महिन्यांत सोडतातच." याला कधी ऐंशी तर कधी नव्वद टक्क्यांची जोड असते. हा आकडा कुठून आला हे फोनवर कोणी सांगत नाही. त्यावर वाद घालू नये, घाबरूही नये. पण त्यातला अर्धा विचार घरी न्यावा: आपण सोडत होतो ते पगारासाठीच की आणखी कशासाठी? साहेबाची वागणूक, रात्रपाळी, शिकायला काही नसणे, हे साडेतीन हजारांनी बदलत नाही. दुसरी गोष्ट त्या म्हणाल्या, "कंपनी थांबणार नाही हो, आजच सांगा." त्यावर त्याने आवाज न चढवता एवढेच म्हटले, "आज सांगितले तर ते पक्के नसेल मॅडम. मी हो म्हणून नंतर आलो नाही तर तुमचीच पंचाईत होईल. तुम्ही एकदा विचारून बघा." हे वाक्य मॅडमना पटते, कारण न येणारा ‘हो’ त्यांना ‘नाही’पेक्षा महाग पडतो. जागा अडून राहते आणि महिन्याने रिकामीच निघते.

फोन झाल्यावर त्याने तेच ईमेलवर लिहून पाठवले. चार ओळी, साध्या इंग्रजीत, आशय असा: आज सकाळी बोलल्याप्रमाणे, माझ्या सध्याच्या कंपनीने मला थांबण्यासाठी प्रस्ताव दिला आहे. मी तो स्वीकारलेला नाही. आपल्या ऑफरवर अंतिम उत्तर देण्यासाठी सोमवार सकाळी ११ पर्यंत मुदत मिळावी ही विनंती. मुदतवाढ मंजूर झाल्यास कृपया या ईमेलला उत्तर द्यावे. शेवटची ओळ फार महत्त्वाची. मॅडम फोनवर "हो हो, सांगते मी" म्हणाल्या म्हणून ऑफर लेटरवरची तारीख बदलत नाही. ती बदलल्याचे लिहून आले पाहिजे. नाहीतर सोमवारी सही पाठवायची आणि ‘तुमची ऑफर तर शुक्रवारीच संपली’ हे ऐकायचे.

संध्याकाळी उत्तर आले. कंपनी सोमवारपर्यंत थांबायला तयार नव्हती. शनिवारी दुपारी १२ पर्यंत मुदत दिली. तीन दिवस मागितले, एक मिळाला. असे होते. एकदा मिळाल्यावर पुन्हा मागू नये. दुसऱ्यांदा वेळ मागणाऱ्याला कंपनी मनातून वजा करते.

आता हे दिवस घालवायचे कशात? पुष्कळ मुले ते चार मित्रांना विचारण्यात घालवतात. खरे काम एकच असते, ते म्हणजे साहेबाचा शब्द कागदावर आणणे. आमच्या तरुणाला एचआरने म्हटले, "आधी राजीनामा मागे घे, मग पत्र काढतो." त्याने नम्रपणे सांगितले, "सर, पत्र मिळाले की लगेच मागे घेतो." हा क्रम उलटा होऊ देऊ नये. राजीनामा मागे घेतला, रांजणगाव गेले, आणि पत्र ‘प्रोसेसमध्ये’ राहिले, तर दाद कोणाकडे मागणार? या मधल्या दिवसांत नोटीसचे दिवस मोजले जात असतातच, त्याचे नुकसान काही नाही.

शुक्रवारी दुपारी पत्र आले. त्यात साडेतीन हजार नव्हते. २,००० लगेच, आणि उरलेल्याचा एप्रिलच्या मूल्यमापनात ‘विचार केला जाईल’, असे होते. सीनिअरचा शब्दच नव्हता. साहेबाने मुद्दाम फसवले असे आम्ही म्हणणार नाही. केबिनमध्ये बोलणारा एक असतो आणि कागदावर सही करणारा दुसरा असतो. पण बुधवारी घाईने हो म्हटले असते, तर हे कळले असते पुढच्या पगाराच्या दिवशी.

त्या रात्री ते सगळे हिशेबाला बसले. आईचे मत थांबण्याकडे होते, आणि तिच्या मताला जोर होता. मुलाची पाच वर्षे पूर्ण व्हायला नऊ महिने राहिले होते. कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षे सलग सेवा झाली की सोडतानाही ग्रॅच्युइटी मिळते. (ठराविक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांचा नियम वेगळा आहे.) मूळ पगार १३,००० असेल तर हिशेब असा: १३,००० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला ७,५००. पाच वर्षांचे ३७,५००. आज सोडले तर ते गेले, आणि रांजणगावला मोजणी पुन्हा एकपासून.

दुसऱ्या पारड्यात पगाराचा फरक. साहेबाचे साडेतीन हजार खरे असते तर हातात २४,९०० आले असते, रांजणगावपेक्षा महिन्याला १,५०० कमी. नऊ महिन्यांत १३,५०० चा तोटा, समोर ३७,५००. थांबणे सरळ फायद्याचे होते. पण पत्रातल्या दोन हजारांनी हातात २३,४०० येणार, म्हणजे फरक महिन्याला ३,००० चा, नऊ महिन्यांत २७,०००. थांबण्याचा फायदा २४,००० वरून १०,५०० वर आला. म्हणून म्हणतो की पत्र हातात येईपर्यंत वेळ मागितल्यावाचून हा हिशेब करताच येत नाही.

बायकोचे म्हणणे वेगळे होते. रांजणगावला सीएमएम मशीनवर काम मिळणार होते. चाकणला चार वर्षे तो व्हर्निअर आणि गेजच हाताळत होता, त्या मशीनला हात लावू देत नव्हते. ती म्हणाली, "हे शिकलात तर पुढची नोकरी तुम्हांला शोधत येईल." उलट रांजणगाव घरापासून दुपटीहून लांब, कंपनीची बस असली तरी पहाटे निघावे लागणार. हेही तिनेच सांगितले. आम्ही त्याच्या जागी असतो तर कदाचित नऊ महिने काढून ग्रॅच्युइटी घेऊनच निघालो असतो. पण आमचे वय वेगळे, त्याचे वेगळे.

त्याने रांजणगाव धरले. शनिवारी १२ ची वाट न पाहता सकाळी साडेदहाला मॅडमना फोन केला, अकराच्या आत सही केलेले पत्र ईमेलने पाठवले आणि पोचल्याचे उत्तर मागून घेतले. मग चाकणच्या एचआरला दोन ओळी लिहिल्या: प्रस्तावाबद्दल आभार, मी राजीनाम्यावर कायम आहे, नोटीसचे दिवस पूर्ण करून काम हातावेगळे करून देईन. हेही त्याच दिवशी. कारण तिकडेही कोणीतरी उत्तराची वाट पाहत असते.

निर्णय थांबण्याचा झाला असता तर? तरीही वेळ तीच आणि माणूस तोच: शनिवारी १२ च्या आत, मॅडमनाच. कंपनीच्या एचआरला परस्पर कळवू नये, ज्यांच्यामार्फत ऑफर आली त्यांना आधी सांगावे. (कंपनीने स्वतःच्या एचआरमधूनच बोलावले असेल, मध्ये कन्सल्टन्सी नसेल, तर अर्थातच थेट तिथे.) शब्द असे पुरतात: "मॅडम, मी सध्याच्या कंपनीत थांबायचे ठरवले आहे. हा निर्णय पक्का आहे. तुम्ही मुदत मिळवून दिलीत त्याबद्दल आभार. कंपनीला दुसरा उमेदवार बघायला उशीर होऊ नये म्हणून आत्ताच कळवतो." कारणांची लांबण नको. त्या नाराज होतील, एखादे कडक वाक्य बोलतील, ते ऐकून घ्यावे. लगेच ईमेलने तेच लिहून पाठवावे. वेळेत आणि स्पष्ट नाही म्हटलेल्या मुलाला पुढे बोलावणाऱ्या कन्सल्टन्सी आम्ही पाहिल्या आहेत. सही करून हजर न झालेल्याला बोलावल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही.

ज्यांनी ऑफर लेटरवर आधीच सही करून पाठवली आहे आणि त्यानंतर काउंटर ऑफर आली, त्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे तुम्ही विचाराला वेळ मागत नाही, दिलेला शब्द पुन्हा तपासायची परवानगी मागता. म्हणून भाषा अधिक नरम हवी, आणि दिवस कमी मागावेत, एक किंवा दोन. त्याआधी सही केलेले पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचावे. हजर न झाल्यास काय, कुठली रक्कम परत करायची, जॉइनिंगची तारीख कोणती, हे त्यात असते. समजले नाही तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्यावे, आणि मगच फोन करावा.